शंकासुराने तपासलेला परिच्छेद

विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात त्यांना सगळे शंकासुर म्हणत, तेही तोंडावर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रबंधांतले आकडे तपासायचं काम. त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नसे. चहावाल्याने साखर कमी घातली असं सांगितलं, तरी हे कपाच्या तळाशी बघणार. घरीही तीच तऱ्हा. बायको भाजी आणायला गेली, तरी दोनदा फोन: "कुठे पोचलीस? सोबत कोण आहे?" यालाच ते काळजी म्हणत.

त्या बुधवारी फिजिओथेरपी विभागातली एक विद्यार्थिनी प्रबंध घेऊन आली. शुक्रवारी मुदत संपत होती. सही मिळाली नाही, तर तीन वर्षांवर पाणी. गुडघेदुखीसाठी तिने कर्मचारी वसाहतीतल्या बायकांचा व्यायामवर्ग घेतला होता. वय आणि वजन यांचा परिणाम वेगळा काढणारं रिग्रेशनचं गणित केलं, तर निष्कर्ष असा, की जी जितके दिवस जास्त आली, तिचं दुखणं तितकं जास्त उतरलं.

शंकासुरांनी निकाल बाजूला ठेवून थेट शेवटचा 'मर्यादा' हा भाग उघडला. 'नमुना लहान आहे. निवड यादृच्छिक नाही. काही चल घटक वगळले गेले असण्याची शक्यता आहे.' संपलं.

"हे कुठून उचललंत?"

"सर, मीच..."

"याच तीन ओळी मी या वर्षी नऊ प्रबंधांत वाचल्यात. काना-मात्रेचाही फरक नाही. लहान चोरी आपणहून कबूल करणारा माणूस मोठी चोरी लपवत असतो, बाई."

तिचा चेहरा उतरला. हे पाहून त्यांना थोडं बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. त्यांनी तिची आकड्यांची फाइल उघडली. ओळी एकेचाळीस, पण क्रमांक सत्तावन्नपर्यंत.

"मधल्या सोळा बायका कुठे गेल्या? मुंग्यांनी नेल्या?"

"वर्ग सोडून गेल्या, सर. शेवटचं मोजमाप झालंच नाही त्यांचं."

"म्हणजे ज्यांना गुण आला त्या थांबल्या, नाही आला त्या गेल्या, आणि तुम्ही थांबलेल्यांवरून व्यायामाचे गोडवे गाताय! कशावरून नाही?"

"तसं असेल, सर. का सोडलं ते मी विचारलं होतं. पण मार्गदर्शक म्हणाले, मर्यादा कोण वाचतो, नेहमीच्या तीन ओळी टाक." तिने पिशवीतून वही काढली. नावं नव्हती. क्रमांक, वय, कोणता गुडघा, किती दिवस आली, कारण.

शंकासुर बोट फिरवत वाचू लागले. 'गुडघा जास्तच दुखायला लागला.' 'सुनेचं बाळंतपण.' 'घरी कोणी कामाला हात लावत नाही, वेळ मिळत नाही.' पोरगी खरी निघाली, याची त्यांना चुटपुट लागली. मग बोट थांबलं.

'क्रमांक ४३. वय ५८. डावा गुडघा. सात दिवस. वर्ग चालू असताना नवऱ्याचे चार-चार फोन येतात. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज ऐकव म्हणतात. सगळ्यांसमोर लाज वाटते.'

ही त्यांचीच बायको. वर्ग सोडला तेव्हा तिने सांगितलं होतं, "गुडघा बरा झाला, आता जात नाही." जगातल्या प्रत्येक वाक्यावर शंका घेणाऱ्या माणसाने तेवढ्या एका वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. सोयीचं होतं ना! आणि ती अजून भिंत धरून जिना उतरते, हे रोज दिसत होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "लिहा. सोळा जणी सोडून गेल्या, त्यांची कारणं ही. त्या धरल्या असत्या तर परिणाम कमी दिसला असता, असा संभव. एकेचाळीसच जणी, म्हणून अंदाजात चुकीला जागा मोठी. आणि घरची साथ मोजलेली नाही. जिला साथ, ती वर्गालाही जास्त येते आणि तिचं दुखणंही लवकर उतरतं. म्हणून व्यायामाचं श्रेय फुगलेलं असू शकतं."

"एवढं कबूल केलं तर परीक्षक पाडणार नाहीत ना, सर?"

"पाडलं तर माझ्याकडे पाठवा." दुरुस्त पान दुपारी आलं. त्यांनी सही केली आणि खाली बघतच विचारलं, "पुढचा वर्ग कधी?"

"सोमवारपासून. पाच वाजता."

संध्याकाळी बायको जिना उतरत होती, भिंत धरून. ते म्हणाले, "सोमवारपासून वर्गाला जा. मी फोन करणार नाही."

ती पायरीवरच थांबली. "फोनमुळे सोडला, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

वहीतलं सांगणं शक्य नव्हतं. "कोणी नाही."

"मग अचानक का? काय चाललंय तुमचं?" ती त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिली. ती नजर त्यांना ओळखीची होती. तीस वर्षं ते स्वतः तिच्याकडे तसंच बघत आले होते.