कोकणातला कूलर

एमबीएच्या तोंडी परीक्षेवर माझं सगळं टांगलेलं होतं. बाबांची अट सरळ होती. एकदा जरी नापास झाले, तर शिक्षण बंद, भद्रावतीला परत, आणि येईल त्या स्थळाला हो म्हणायचं. बाबा बोलले म्हणजे बोलले.

परीक्षेला एका कंपनीची केस स्टडी लिहून न्यायची असे. चंद्रपूरच्या आमच्या होस्टेलमध्ये तिची एक जुनी फाईल मुलींमध्ये हातोहात फिरायची. कंपनी बदलायची, बाकी मजकूर तोच. त्या वर्षीची कंपनी विदर्भात कूलर विकणारी होती आणि तिनं वाढायचं कसं, हा प्रश्न. मीही मोठी शहाणी! फाईल बघून चार चौकटी काढल्या: जुना माल जुन्या बाजारात, जुना माल नव्या बाजारात, नवा माल जुन्या बाजारात, नवा माल नव्या बाजारात. स्केचपेननं रंगवल्या, प्रत्येकीत फायदे लिहिले. दुसऱ्या चौकटीत ‘कोकण, जोखीम कमी’ असं ठोकून दिलं आणि शेवटी ‘चारही पर्याय चांगले’.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या आधीच्या मुलीला रडवून परत पाठवलं. तिनंही त्याच फाईलवरून उतरवलं होतं, हे दारातच कळलं.

आत परीक्षक सरांनी चौकटींवरून नजर फिरवली. हे नुसतं वर्णन आहे, ते पुस्तकातही आहे, तुमचं मूल्यमापन कुठं आहे, असं म्हणाले. मग कोकणावर बोट ठेवलं. “इथं जोखीम कमी का?”

उत्तर शोधताना बाबा आठवले. ते कूलर दुरुस्त करतात. पावसाळ्यात लोक दुकानात येऊन कुरकुरायचे, कूलर लावला की अंग चिकचिकते म्हणून. हवेतच पाणी हाये, कूलर काय करंल, असं बाबा दरवर्षी सांगायचे.

“सर, माझी चौकट चुकली,” मी म्हणाले. “तिथली हवा दमट आहे. हा कूलर गारवा देणारच नाही. वेगळंच यंत्र बनवावं लागेल. म्हणजे मालही नवा, बाजारही नवा. हे चौथ्या चौकटीत जातं, सगळ्यात जास्त जोखमीच्या.”

मग काय निवडाल, त्यांनी विचारलं. तिसरी चौकट, जुन्या गिऱ्हाइकांना दुरुस्तीची सेवा, मी सांगितलं, कारण दुकानं आणि ओळख कंपनीकडे आहे. पण कारागीर पुरतील का आणि गल्लोगल्लीचे मिस्त्री स्वस्तात करतील त्याचं काय, हे या चौकटी सांगत नाहीत, हेही घाबरत घाबरत बोलले. त्यांनी गुण लिहिले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पास झाले. घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं.

“हे त मी इथी बसून सांगितलं असतं,” बाबा म्हणाले. “पण कोकणात कूलर लिहिलं कोणं?”

मी, कूलरवाल्याच्या पोरीनं.