निव्वळ वजनाची टीप

धुळ्याच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दिपमाला नवीन लागली, तेव्हा सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांचा प्रोग्राम तिला उमगला तो तिथले जुने प्रोग्रामर समाधानभाऊ यांच्यामुळे. त्यांनी कोडमध्ये जागोजागी साध्या मराठीत टिपा लिहिल्या होत्या. आता चेन्नईची सेल्वी त्याच कोडवर काम करणार होती, म्हणून टिपा इंग्रजीत करायचं काम दिपमालानं आपणहून मागून घेतलं.

वजनाचा आकडा साठवणाऱ्या एका व्हेरिएबलचं नाव होतं ‘निव्वळ’. तेही बदलावं असं तिला वाटलं, पण इतरांच्या फायलींतही तेच नाव होतं. एकीकडे बदललं असतं तर दुसरीकडे प्रोग्राम अडला असता. तिनं नाव आणि वजनाचं सूत्र जसंच्या तसं ठेवलं. वरच्या टिपेत मात्र इंग्रजीत लिहिलं, की निव्वळ म्हणजे घडाचा दांडा वजा जाता उरलेलं केळीचं वजन. दांडा पुन्हा वजा करू नये.

भाऊंनी बदल तपासले. फक्त टिपांच्या ओळी बदलल्या होत्या.

“छान उतरवलंस,” ते म्हणाले. “सेल्वीला आता कोणाला विचारत बसायला नको.”

“भाऊ, तुम्ही मराठीत लिहिलं नसतं, तर मी पहिल्याच महिन्यात पळाले असते,” दिपमाला म्हणाली. इतके दिवस हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

भाऊ हसले आणि त्यांनी तिचे बदल मुख्य कोडमध्ये घेतले.