मऊ पत्र

एका माणसाला नोकरीवरून काढल्याचं पत्र मी लिहिलं आणि ते वाचून त्याला आपली बढती झाली असं वाटलं.

पत्र मी अकरा वेळा सुधारलं होतं. बाराव्यांदाही सुधारणार होतो, पण पाया लेबारच्या आमच्या ऑफिसातल्या एचआरच्या बाई म्हणाल्या, "व्हेरी जेंटल आह, डोन्ट टच एनीमोर." मी खूश झालो. माणसाला स्वतःच्या कामाबद्दल एवढं खूश व्हायला परवानगी लागायला हवी.

माझं काम म्हणजे कंपनीच्या नाजूक पत्रांची भाषा सांभाळणं. पुण्याहून इथे परदेशात आलो तेव्हा सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहायचो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा गृहस्थ वाईट बातमी फार गोड करून सांगतो. झालं. माझ्याकडे तीन रकान्यांची यादी आली. पहिल्यात टाळायचा शब्द, दुसऱ्यात त्याऐवजी काय, तिसऱ्यात का. 'काढलं' लिहायचं नाही, 'भूमिकेचं स्थित्यंतर' लिहायचं. 'नापास' नाही, 'अपेक्षित टप्पा अजून गाठायचा आहे'. 'वयस्कर' तर मुळीच नाही, 'अनुभवसंपन्न'. अर्थात हे सगळं इंग्रजीत. एकदा उत्साहाच्या भरात मी सगळ्या फायलींमधला 'ओल्ड' हा शब्द कॉम्प्युटरकडून एका दमात बदलून घेतला, तेव्हा लोकांच्या जुन्या पत्त्यांचे अनुभवसंपन्न पत्ते झाले होते. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

घरीही मी तेच बोलायला लागलो होतो. मुलाचे गणिताचे मार्क बायकोला सांगताना म्हणालो, टप्पा अजून गाठायचाय. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "नापास झालाय ना? मग तसं सांग की."

तर ते पत्र. ज्याला गेलं तो माझा मित्र. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, पन्नाशी ओलांडलेला, आमच्याच ऑफिसात टेस्टिंगला. आम्ही एकाच वर्षी पुण्याहून इथे आलो. त्याच्या टीममधल्या दोन तरुण पोरांना ठेवलं आणि त्याला काढलं. का, ते कुणी बोललं नाही. वयाचा उल्लेख येऊ द्यायचा नसतो, म्हणून मी त्याच्या 'प्रगल्भ अनुभवा'चे आभार मानले होते. पत्राचा सारांश असा होता: तुमची भूमिका स्थित्यंतराच्या टप्प्यावर आली आहे, हा बदल ऑगस्टअखेरपासून लागू होईल, पुढच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत. 'नोकरीचा शेवटचा दिवस' हे शब्द पहिल्या मसुद्यात होते. फार टोचतात म्हणून मीच काढले. त्याच्या मॅनेजरने व्हिडिओ कॉलवर जे वाचून दाखवलं, तेही माझंच. आदल्या वर्षी टीमा बदलल्या तेव्हाही मी हाच 'स्थित्यंतर' शब्द वापरला होता, आणि तेव्हा कुणाचीच नोकरी गेली नव्हती. मित्राने कॉलवर मॅनेजरचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेला. स्वतः दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या आणि खिशातून पत्राची घडी काढली.

"बघ लेका. नवीन टीम देताहेत. तू तर आतला माणूस. कुठली ते सांग ना."

मी पत्राकडे बघितलं. स्वतःचंच अक्षर ओळखावं तसं एकेक वाक्य ओळखीचं.

"तारीख नीट बघ," मी म्हणालो. "एचआरशी एकदा बोलून घे."

"बोलतो रे. आणि ऐक, ते बुओना व्हिस्टाचे कंपनीवाले आमच्याकडे ये म्हणून मागे लागले होते ना? त्यांना आज सकाळी नाही म्हणून कळवलं. पोरीची दहावीची परीक्षा तोंडावर, आता कुठे नवीन ठिकाणी नाचू? इथेच टीम मिळतेय म्हटल्यावर..."

तिथे मला बोलता आलं असतं. गुप्ततेचा प्रश्न नव्हता, पत्र त्याच्याच हातात होतं. मराठीत तीन शब्द पुरले असते: तुला काढलंय रे. बुओना व्हिस्टावाल्यांना संध्याकाळच्या आत परत फोन गेला असता. मी कोपी ढवळत म्हणालो, "पर्याय खुले ठेवलेले बरे असतात."

"तू तर पत्रासारखा बोलायला लागलास," तो हसून म्हणाला. मीही हसलो.

चार आठवडे गेले. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज तो लिफ्टमध्ये भेटायचा, नव्या टीमसाठी शिकत असलेल्या कुठल्याशा टूलबद्दल बोलायचा, आणि मी त्याला शुभेच्छा द्यायचो.

जुलैच्या शेवटी त्याला टॅक्स क्लिअरन्सचा कागद आला. परदेशी माणसाची नोकरी संपणार असली की कंपनीला ते महिनाभर आधी टॅक्सवाल्यांना कळवावं लागतं. त्या फॉर्मला माझा हात लागलेला नव्हता. तिथे साधी ओळ होती: नोकरी संपण्याची तारीख. पुढे ऑगस्टची एकतीस.

तो माझ्या टेबलाशी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. फॉर्म ठेवला, बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाला, "हे कुणी लिहिलंय? याला लिहिता येतं."

बुओना व्हिस्टाची जागा भरली होती. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास रद्द होतो, त्याच्याबरोबर बायकोपोरांचे पासही, आणि देश सोडायला तीस दिवस मिळतात. म्हणजे सप्टेंबरअखेर. मुलीचे लेखी पेपर ऑक्टोबरात. पन्नाशीच्या माणसाला उरलेल्या दोन महिन्यांत नोकरी मिळाली नाही. हातचे चार आठवडे मी आधीच खाल्ले होते.

शाळेने मदत केली. मुलीला परीक्षेपुरता स्टुडंट पास मिळाला, पण इथे तिचा कुणीतरी पालक हवा होता आणि राहायला घर. माझ्या बायकोने मला न विचारता माझं नाव दिलं. तिचे आईवडील चांगी विमानतळावरून पुण्याला गेले. मित्राने माझ्याशी हात मिळवला, पण बोलला माझ्या बायकोशी.

मुलगी आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये माझ्या मुलाच्या खोलीत राहिली. मुलगा हॉलमध्ये झोपायचा. ती अभ्यास करायची, जेवायची, ताट विसळून ठेवायची. पुण्याहून फोन आला की बाल्कनीत जायची. तिकडे तिचा बाप घरात बसून होता. मुलाखतीलाही कुणी बोलवत नव्हतं, असं बायकोकडून कळायचं. मला सांगायचं कुणाला कारण नव्हतं.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ती डायनिंग टेबलाशी एकटीच बसून पुस्तकं खोक्यात भरत होती. मी समोर बसलो. वाक्य आठवडाभर तयार केलं होतं.

"बाबांच्या त्या पत्राच्या बाबतीत," मी म्हणालो, "संवादाच्या पातळीवर माझ्याकडून थोडी अस्पष्टता राहून गेली. त्याचा तुम्हा सगळ्यांना जो त्रास..."

तिने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं.

"काका, मला माहितीये. बाबांनी सांगितलंय. कोपी पिताना पण तुम्ही बोलला नाहीत, ते पण." तिने चिकटपट्टीचं टोक शोधलं, ओढलं, खोकं बंद केलं. "सॉरी म्हणायला पण तुम्हाला लिस्ट लागते का?"