फ्रिजवरचा कागद

दारव्ह्यात नीळकंठरावांच्या लेकीनं, भैरवीनं, त्यांना सांभाळणाऱ्या रुखमाबाईंच्या हातात चार पानी सूचना ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरला निघाली होती, पण तिचा जीव घरातच अडकला होता.

"ताई, बाबा पडले तर मी पानं चाळू का त्याइच्याकडे धावू?"

भैरवीला हसू फुटलं. दोघींनी बसून कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: नाश्त्याआधी शुगरची गोळी, नाश्त्यानंतर बीपीची. चुकलेली गोळी नंतर दुप्पट द्यायची नाही. एक वाजता भाकरी, वरण, भाजी, आठला खिचडी.

"आता फोन. पहिला माझा."

"काहून? तुम्ही तिकडे वरातीत नाचून राह्यल्या असाल, तिथून काय कराल? पहिला एकशेआठ, मंग बाजूचा संघदीप, त्याच्यापाशी जीप हाय. मंग डॉक्टर. तुमचा शेवटी."

भैरवीनं स्वतःच आपलं नाव सगळ्यांत खाली लिहिलं आणि कागद फ्रिजला चिकटवला.

नीळकंठराव काठी टेकत आले. "भाजी कोणती ते कुठं लिहिलंय? वांग्याची लिहा!"

रुखमाबाईंनी लिहिलं, आणि भैरवीनं हसत बॅग उचलली.