वॉर टाइमचा एक तास

तीन रिकामटेकडी माणसं रोज एका जागी बसली की किस्से आपोआप साठतात, कपाटामागं धूळ साठते ना, तसे. झाडायला घेतलं की मग कळतं, बापरे, केवढे हे!

आमची जागा म्हणजे तळेगावातलं गफूरभाईंचं घड्याळाचं दुकान. गफूरभाई काउंटरमागं, जोशीकाका पत्रिका घेऊन स्टुलावर, आणि मी, शाळेतून रिटायर झालेला भूगोलाचा मास्तर, लॅपटॉप मांडीवर घेऊन बाकावर. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण गणित बरोबर यायला हवं, हा माझा हट्ट! त्यातून आमचं खास दुखणं एकच, वॉर टाइम.

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ला, सरकारनं देशभरातली घड्याळं एक तास पुढं केली. दिवसाउजेडी काम उरकावं, वीज वाचावी म्हणून. ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत तसंच चाललं. सूर्याला काही कुणी नोटीस पाठवली नव्हती, तो आपल्या वेळेवर उगवत राहिला. म्हणून त्या तीन वर्षांतली नोंद हातात आली की आधी विचारायचं, ही वेळ कुठल्या घड्याळाची?

*

जोशीकाकांचे वडील भिक्षुकी करायचे. युद्धाच्या काळात मळवलीजवळच्या एका गावात त्यांनी लग्न धरलं. मुहूर्त पंचांगातला, म्हणजे जुन्या वेळेनं दहाचा. लग्नपत्रिकेवर नुसतं छापलं, 'सकाळी दहा'. मुलीकडचं गाव जुन्या वेळेवर चालायचं. नवरदेव तळेगावचा, त्याच्याकडे स्टेशनची, म्हणजे नवी वेळ!

वऱ्हाड स्टेशनच्या दहाला हजर. गावात तेव्हा वाजलेले नऊ. मांडवात कुणी नाही, नवरीचे केस ओले, चुलीवर भात रटरटतोय. नवरदेवाचा बाप भडकला, "आमचा अपमान करायला बोलावलंत? चला रे परत!"

सगळ्यांचे चेहरे उतरले. बैल पुन्हा जुंपायला घेतले. तेवढ्यात नवरीची आजी रस्त्यात आडवी उभी राहिली.

"टाइम सरकारचा आसंल," ती म्हणाली, "पोरगी आमची हाय! बसा तासभर!"

बसले बिचारे.

*

लोणावळ्याच्या एका बंगल्यात लीलाताई राहतात, त्यांनी पत्रिका करायला आम्हा तिघांना घरी बोलावलं. जन्म लंडनचा, जुलै १९४४. वडील तिकडं डॉक्टर होते. हॉस्पिटलच्या कागदावर जन्मवेळ सकाळी सहा. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, "तू झालीस तेव्हा खिडकीत सूर्य उगवत होता."

जोशीकाकांनी मान हलवली. जुलैत लंडनला सूर्य ग्रीनिचच्या वेळेनं चारच्या सुमाराला उगवतो. तिथं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात, तो तास वजा केला तरी सहाचे पाच उरतात. तोवर चांगलं ऊन पडलेलं असणार. "आईंना नीट आठवत नसेल," ते म्हणाले.

लीलाताईंचा आवाज चढला. "बाँब पडत होते त्या दिवसांत! तिच्या लक्षात राहिलं नसेल?"

खोलीत एकदम अवघडल्यासारखं झालं. मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं, आणि सापडलं. युद्धात इंग्लंडनं हिवाळ्यातसुद्धा घड्याळं एक तास पुढंच ठेवली होती. १९४१ पासून उन्हाळ्यात त्यावर आणखी एक तास चढवला. डबल समर टाइम! म्हणजे एक नाही, दोन तास वजा. सहातून दोन गेले, राहिले चार. खिडकीत सूर्य!

लीलाताई रडायला लागल्या. गफूरभाई हळूच म्हणाले, "ताई, तुमची आई बरोबर, हॉस्पिटल बरोबर. फक्त घड्याळ लष्करात भरती झालं होतं!"

*

हा किस्सा गफूरभाईंचा स्वतःचा. रमजान चालू होता, मार्चचे दिवस. दुपारी त्यांच्या मोबाइलवर एक फोटो आला. एका खेड्यातल्या मशिदीत जुनी फ्रेम सापडली होती, बारा महिन्यांचं नमाजाचं वेळापत्रक, सुंदर हातानं लिहिलेलं. खाली कुणीतरी टाकलेलं, 'आजपासून हेच पाळा.'

गफूरभाईंनी मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ पाहिली आणि हातातला चिमटा खाली ठेवला. सूर्यास्त पावणेसातचा, तक्त्यात पावणेआठ! सूर्याची वेळ त्याच तारखेला दरवर्षी जवळपास तीच येते, म्हणून असा तक्ता वर्षानुवर्षं चालतो. पण हा वॉर टाइमचा होता.

"संध्याकाळचं ठीक आहे, लोक आभाळाकडं बघतील," ते म्हणाले. "पण पहाटेचं काय? सहरीचं, रोजाआधीचं खाणं तासभर जास्त चाललं तर अख्ख्या गावाचा रोजा जाईल!"

फोन लागेना. मी स्कूटर काढली, ते मागं बसले. पोचलो तोवर अंधार पडला होता. मशिदीच्या पायरीवर एक म्हातारबुवा निवांत भजी खात बसलेले.

"रोजा सोडला?" गफूरभाईंनी स्कूटरवरून उतरता उतरता विचारलं.

"मावळला तवाच सोडला की," बुवा म्हणाले. "व्हॉट्सअ‍ॅपला भूक लागत न्हाई भाई, आमाला लागती!"

पहाटेचं मात्र गफूरभाईंनी तिथंच बसून दुरुस्त करून दिलं.

*

आता लोहगडवाडीच्या धोंडिबाआबांचं. त्यांच्या बायकोच्या, सगुणामावशींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टर म्हणाले होते, उशीर करू नका. आणि आबा संमतीच्या कागदावर सहीच करेनात! पत्रिका बघितल्याशिवाय नाही म्हणजे नाही. शेवटी मावशींनाच सोबत घेऊन दुकानात आले. त्या बाकावर बसल्या तरी दम लागत होता.

आबांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला कडक मंगळ, तो बायकोच्या जिवावर उठतो. पण मावशीही मंगळी, म्हणून एकाचा मंगळ दुसऱ्याला आवरतो. "तेवढं बघून सांगा, मग करतो सही."

मावशींचा जन्म एप्रिल १९४३ चा. वडील रेल्वेत गँगमन. जन्माच्या कागदावर वेळ सकाळी साडेसहा. मी आकडे टाकले. सॉफ्टवेअरनं वॉर टाइमचा तास आपणहून वजा करून साडेपाच धरले. लग्न, म्हणजे जन्मावेळी उगवणारी रास, मुळात सीमेवर होतं, ते मागच्या राशीत गेलं. कागदावर चौथ्या घरात बसलेला मंगळ पाचव्यात सरकला, आणि पाचव्यातला मंगळ दोषाचा धरत नाहीत.

"अरे, या तर मंगळी नाहीतच!" जोशीकाका मोठ्यानं बोलून गेले.

आबा पांढरेफटक पडले. "म्हंजी... माज्या मंगळानंच हिला..." ते संमतीचा कागद घडी करून खिशात घालायला लागले.

मला जोशीकाकांचा गळा धरावासा वाटला. बाई डोळ्यांसमोर धापा टाकतेय, आणि माझं गणित तिच्या आड येतंय!

"थांबा आबा," मी म्हणालो. "वेळ स्टेशनच्या घड्याळाची असेल तरच तास वजा करायचा. गावच्या जुन्या वेळेची असेल तर जन्माचा कागद खरा, मावशी मंगळी. मावशी, आईनं काही सांगितलं होतं? तुम्ही जन्मलात तेव्हा सूर्य वर आला होता, की अंधार होता?"

एप्रिलात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो. साडेसहा खरे असतील तर उजेड, साडेपाच असतील तर अंधार. मी मनात म्हणत होतो, मावशी, उजेड म्हणा. फक्त उजेड म्हणा.

"अंधार व्हता," मावशी म्हणाल्या. "कंदील लावल्याला. आय कायम सांगायची."

जोशीकाकांनी विचारलं, "मग लग्न ठरलं तेव्हा भटजींना हे सांगितलं नाहीत?"

"इचारलं व्हतं त्यांनी. म्यां सांगितलं, ऊन पडलं व्हतं."

"का?"

मावशींनी आबांकडं पाहिलं.

"ह्यांला मंगळाचीच पोरगी पायजे व्हती," त्या म्हणाल्या, "आन मला हेच पायजे व्हते. इतकी वर्सं बिनमंगळाची नांदले, काय झालं का मला? काढा त्यो कागूद, करा सही!"