हिरव्या बटनाखालची काडी

लॅक ऑपरॉन या जनुकगटाची ती स्लाइड माझीच होती आणि तिच्यातला एक शब्द चुकीचा होता. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्यासाठी लागणारी जनुके जिवाणूमध्ये एरवी जवळजवळ बंद असतात, कारण त्यांच्या आरंभापाशी रिप्रेसर नावाचे प्रथिन बसलेले असते. हे सोपे व्हावे म्हणून मी विजेच्या स्विचचे चित्र काढले आणि खाली लिहिले, ‘रिप्रेसर स्विच दाबून धरतो.’ दाबणे म्हणजे दडपणे, असे माझ्या मनात होते. मुलांच्या मनात मात्र बटन दाबले की लाईट लागते. अर्ध्या वर्गाने चाचणीत लिहिले की रिप्रेसर बसला की जनुके चालू होतात. मी गुण कापले आणि मनातल्या मनात त्यांच्या बुद्धीलाही नावे ठेवली.

पालमकडच्या एका खेड्यातली, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली विद्यार्थिनी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली.

“सर, आमी चुकलो न्हाई. तुमच्या स्विचनंच आमाला चुकीकडं नेलं.”

मी पेपर पुन्हा वाचला. तिचे म्हणणे खरे होते. वर्गात जाऊन मी तसे सांगितले, सर्वांचे गुण परत दिले आणि हाच विषय तिला सेमिनारसाठी दिला. “तुमचा दाखला तुम्हीच शोधा,” एवढेच म्हणालो.

आमच्या विभागप्रमुखांना ते रुचले नाही. सेमिनार इंग्रजीत आणि स्लाइडवर असेल तेवढाच, हा त्यांचा नियम. इकडे ती सेमिनारमध्ये नापास झाली, तर तिचे सत्र पुन्हा द्यावे लागणार होते. आणि पुन्हा फी भरायची नाही, असे तिच्या घरून आधीच बजावले होते. गुण देणारे आम्ही दोघेच: विभागप्रमुख आणि मी.

सेमिनारच्या दिवशी ती इंग्रजीत सुरू झाली, दोन वाक्ये नीट बोलली, मग थांबली. खडू घेऊन तिने फळ्यावर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर काढला.

“माझे वडील शेतातून निघताना हिरव्या बटनाखाली काडी अडकवतात. कुणी मोटार चालू करू नये म्हणून. रिप्रेसर म्हणजे ती काडी. बटन दाबणारं बोट म्हणजे आरएनए पॉलिमरेज, जनुक वाचायला घेणारं एन्झाइम. काडी बटन दाबत न्हाई, दाबू देत न्हाई.”

मागून कुणीतरी म्हणाले, “म्हणजे रिप्रेसर काड्या करतो!” वर्ग हसला. तीही हसली. “व्हय, तुझ्यासारख्या.”

“हा काय शेतकरी मेळावा आहे का?” विभागप्रमुख मला म्हणाले. “थांबवा तिला.”

मी आयुष्यात फारशा माणसांना नाही म्हटलेले नाही. त्या दिवशी उभा राहिलो. “नाही, सर. ती बरोबर सांगते आहे. चुकीचा शब्द माझ्या स्लाइडवर होता, तिच्या तोंडी नाही.”

ते खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी तिला विचारले आणि प्रश्न खरोखर चांगला होता. लॅक्टोजपासून पेशीत ॲलोलॅक्टोज तयार होतो, तोच रिप्रेसरला सोडवतो. पण लॅक्टोज आत आणणारे आणि त्याचे रूपांतर करणारे, दोन्ही प्रथिने याच बंद जनुकांपासून बनतात. “मग पहिला लॅक्टोज आत आला कसा? तुझ्या काडीने तर सगळंच बंद केलंय.”

ती फळ्यावरच्या काडीकडे वळली. मला उत्तर ठाऊक होते, आणि मी ते दिले नाही. तिचा सेमिनार होता.

“काडी कधीमधी निसटते, सर,” ती सावकाश म्हणाली. “तेवढ्यात बटन दबतं, थोडं पाणी येतं. तेवढी थोडी प्रथिनं कायम असतात. त्यातूनच पहिला ॲलोलॅक्टोज बनतो. तो काडीला चिकटला की काडीचा आकार बदलतो, ती बसतच न्हाई. लॅक्टोज संपला की परत बसते.”

“आणि जिवाणूच्या जास्त आवडीचा ग्लुकोजही असेल तर?”

“काडी निघाली तरी व्होल्टेज लय कमी, सर. मोटार नुसती घुरघुरते, जनुकं नावालाच चालतात.”

गुणांच्या कागदावर विभागप्रमुखांनी ‘भाषा’ या रकान्यात शून्य लिहिले. मी माझ्या बाजूला पूर्ण गुण लिहिले आणि शेऱ्यात नोंदवले: विषयात चूक नाही. बेरीज पासापुरती झाली. ते म्हणाले, “तुम्ही मुलांना बिघडवताय.” मी म्हणालो, “असेल.” आणि सही केली.

स्लाइड मी त्याच संध्याकाळी बदलली. ‘दाबून धरतो’च्या जागी ‘दाबू देत नाही’ लिहिले आणि हिरव्या बटनाखाली आडवी काडी काढली. चित्र ओबडधोबड आहे. ते विभागाच्या इभ्रतीला शोभत नाही, काढून टाका, असे मला दोनदा लेखी कळवले गेले. माझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. काडी पोहोचते. मी ती काढून टाकणार नाही.