चहाच्या गाड्यावर घेतलेला कानांचा सर्व्हे

"अवो! अवो, ऐकू येतंय का न्हाय? भात गार झाला की!"

ही माझ्या मामीची हाक. कबनूरच्या आमच्या गल्लीतून ती सुटली की इचलकरंजीतली माणसं हात धुऊन पाटावर बसतात. मी थोडं वाढवून सांगतो, हे खरं. पण त्या दिवशी सायकलवरून चाललेला एक अनोळखी इसम "आलो, आलो" म्हणत खाली उतरला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हाक ज्यांच्यासाठी होती ते मामा मात्र तिच्यापासून दोन हातांवर, भिंतीला टेकून निवांत बसलेले.

आणि त्याच खोलीत, त्याच वेळी मी लॅपटॉपवर माझ्या सर्व्हेच्या सारांशाचं वाक्य लिहीत होतो : 'यंत्रमागावरच्या बहुतेक कामगारांना ऐकण्याची अडचण जाणवत नाही.'

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका आरोग्य संस्थेत संशोधनाचा इंटर्न होतो. संस्थेकडं कान तपासायची एक गाडी येणार होती. आत बाहेरचा आवाज न येणारी काचेची गप्प खोली, मशीन, तपासणीनंतर कानात घालायचं यंत्रसुद्धा. वर्षभर दर आठवड्याला ती एकाच गावात उभी राहणार होती. जिथं त्रास जास्त ते गाव, आणि ते आम्हा इंटर्नांच्या छोट्या सर्व्हेवरून ठरणार होतं. माझ्या वाट्याला कबनूर आलं, कारण राहायला मामाचं घर होतं. गाडीची बातमी मी मामीला सांगितली आणि तिनं ती गल्लीला सांगितली, म्हणजे तालुक्याला सांगितली. मामांनी उभं आयुष्य मागावर काढलेलं. मागून आलेला टेम्पो कळला नाही आणि अंगावर येता येता राहिला, तेव्हापासून मामी त्यांना एकटं रस्त्यावर सोडत नव्हती. ती गाडीची वाट लेकीच्या सासरहून येणाऱ्या पाव्हण्यासारखी बघत होती.

प्रश्नावली बाकी मी झकास केली होती. पहिल्या मसुद्यात एक प्रश्न होता, 'आवाजाचा त्रास होतो ना?' संस्थेतल्या माझ्या मॅडमनी त्यातला 'ना' लाल पेनानं असा खोडला, की कागदाला भोक पडलं. "उत्तर तूच देऊन टाकलंस की. मग विचारतोस कशाला?" दुसरा प्रश्न होता, 'कमी ऐकू येतं का आणि दवाखान्यात गेला होता का?' त्याचे त्यांनी दोन केले; एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या की 'हो' कशाला आहे तेच कळत नाही. मग चारपाच जणांवर चाचणी घेऊन आम्ही आठ साधे, सोपे प्रश्न पक्के केले. मला वाटलं, जगातल्या सगळ्या प्रश्नावल्यांनी माझ्या पाया पडायला यावं.

प्रश्न चांगले होते. विचारायचे कुणाला, याचा विचार मात्र फारसा कुणी केला नव्हता.

कारखान्यात माग सुरू असताना तिथं देव जरी बोलला तरी त्याला खाणाखुणा कराव्या लागतील. म्हणून मी बाहेर, चहाच्या गाड्यावर उभा राहिलो. पहिली पाळी सुटली की लोक यायचे. मी कागद पुढं करून मोठ्यानं म्हणायचो, "पावणं, पाच मिनिटं हायेत का?" जो थांबेल त्याचा फॉर्म भरायचा. जो हातानंच 'नको, जा' अशी खूण करून पुढं जाईल, त्याच्यापुढं 'नकार' लिहायचं आणि पुढच्याला गाठायचं. चहावाला खूष होता. "तुमच्यामुळं धंदा वाढला, रोज या की," म्हणाला. कागद भराभर भरले. पट्ट्यांचा आलेख काढला, तर 'त्रास नाही'ची पट्टी पन्हाळ्याएवढी.

तर त्या दुपारी मामी ओरडून दमली, आणि तेवढ्यात दारात सिलिंडरवाला आला. त्यानं मामांना काहीतरी विचारलं. मामांनी त्याच्याकडं बघितलं आणि हात हलवला. मनगट सैल, बोटं बाहेरच्या बाजूला, तोंडावर जरासा वैताग. सिलिंडरवाला निघाला. मामी धावली, "अवो थांबा, आमचाच हाय त्यो!" आणि मामांना म्हणाली, "नको का म्हणालासा?"

मामांना तेही ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा हात हलवला.

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. ही खूण मी गाड्यावर कितीतरी वेळा पाहिली होती. नको म्हणणाऱ्यांची म्हणून लिहून ठेवली होती. चारदा 'काय?' म्हणायला लाज वाटते, म्हणून माणसं हात हलवून मोकळी होतात, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्यांना ऐकू येत होतं तेच माझ्यापाशी थांबले, आणि त्यांना मी विचारलं, ऐकू येतं का. दुसऱ्या पाळीची माणसं त्या वेळी मागावर असायची, ती आलीच नाहीत. आणि कान गेला म्हणून ज्यांनी माग सोडला ती तर चहाच्या गाड्यावर दिसायचीच नाहीत. त्यातलं एक माझ्यासमोर, भिंतीला टेकून, गार भात खात होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं, ते जास्त वाईट.

"आणखी कागद भरून हे सुटणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याच गाड्यावर हजार माणसं विचारलीस तरी तीच माणसं भेटणार. घरोघरी जा. निवड आपल्या मर्जीनं नको, ठरल्याप्रमाणं दर पाचवं घर."

"आणि दाराला कुलूप असलं तर?"

"तर परत जा. शेजारच्या घरात शिरू नकोस."

मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून घेतले, बोट ठेवून उत्तर देता येईल असे. वाचता न येणाऱ्यांना खुणेनं आणि घरच्यांच्या मदतीनं विचारलं. दारात पहिला प्रश्न, 'या घरात कुणी कधी मागावर काम केलंय का?' कधीही, म्हणजे सोडलेलेसुद्धा. काही घरी सकाळी गेलो, काही घरी संध्याकाळी, पाळ्या बघून. चपला झिजून मी पोलिओ झालेल्या बगळ्यासारखा चालायला लागलो. दर पाचव्या घरात मामा भेटले असं सांगितलं तर ती पुन्हा थाप होईल; पण भेटत होते. एका म्हातारबाबांनी पुठ्ठा वाचला, बायकोकडं बघितलं आणि कसलंच बोट न ठेवता रडायला लागले. सारांशात ते कुठल्या रकान्यात घालायचं, मला अजून माहीत नाही.

सारांश द्यायची तारीख आली तेव्हा दोनच गल्ल्या झाल्या होत्या. मी दोन्ही सर्व्हे वेगळे ठेवले, एकत्र कालवले नाहीत. पहिल्याच ओळीत लिहिलं, कुणाला विचारलं, कोण सुटलं. 'बहुतेक कामगारांना' हे शब्द काढून टाकले. शेवट असा केला की गाड्यावरच्या उत्तरांवरून कबनूरबद्दल काही म्हणता येत नाही, आणि दोन गल्ल्यांवरून सगळ्या गावाबद्दलही नाही. पण त्या दोन गल्ल्यांत त्रास मोठा आहे.

मॅडमनी तो कागद जसाच्या तसा गाव ठरवायच्या बैठकीत नेला. मुदत मागितली, ती मिळाली नाही. बाकीच्या गावांच्या कागदांवर ठाम आकडे होते. ते चहाच्या गाड्यांवर उभं राहूनच जमवलेले होते की काय, हे कुणी विचारलं नाही. आमच्या कागदावर 'नक्की माहीत नाही' होतं. गाडी दुसऱ्या गावाला गेली.

घरी आलो. मामी शेगडीपाशी पाठ करून बसली, वळलीच नाही. तिला माझ्या तोंडावरून कळलं होतं. मी पुठ्ठा उलटा केला आणि मामांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलं : गाडी इथं येणार नाही.

त्यांनी वाचलं. पुठ्ठा परत माझ्या हातात दिला.

"बरं," मामा म्हणाले. "तुझ्या मामीला सांग, आता वरडत जाऊ नको. हात लावून उठवत जा."